‘टायर फुटला’ म्हणजे नेमकं काय झालं? यवतमाळच्या रस्त्यांवरून समजून घेऊया

1 जुलै 2023 ची मध्यरात्र. नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी ट्रॅव्हल्स बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ पिंपळखुटा इथे उलटली आणि पेटली. 25 प्रवाशांचा जीव गेला. गाडीची नोंदणी एमएच-29 मालिकेतली होती, म्हणजे यवतमाळ आरटीओची. वाचलेल्यांमध्ये बसचा चालक होता आणि त्याने सांगितलेलं कारण सकाळपर्यंत सगळ्या मोबाईलवर पोहोचलं होतं: टायर फुटला.

पुढे अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाने घटनास्थळाची पाहणी करून अहवाल दिला. त्यात टायर फुटल्याची शक्यता नाकारली गेली. रस्त्यावर रबराचे तुकडे सापडले नव्हते आणि टायरच्या खुणाही नव्हत्या. बस आधी रस्त्याकडेच्या खांबाला धडकली, मग दुभाजकाला, आणि नंतर उलटली, असा तो घटनाक्रम होता.

या एका अपघाताची पूर्ण कारणमीमांसा इथे करायची नाही. पण ‘टायर फुटला’ हे दोन शब्द उच्चारले की आपण पुढचा प्रश्न विचारत नाही, हे मात्र खरं. जणू वीज पडावी तसा टायर फुटतो, त्यात कुणाचा काय दोष! मग दरवर्षी एप्रिल-मे आला की ऊन, सिमेंटचा रस्ता आणि रिमोल्ड टायर या तिघांवर खापर फुटतं. यातलं किती खरं आहे?

थोडक्यात उत्तर असं, की ट्रकचा किंवा बसचा टायर क्षणात फुटतो, पण फुटण्याची तयारी कित्येक किलोमीटर आधीपासून सुरू असते. ती तयारी उन्हापेक्षा टायरच्या आत जास्त होते. आणि ती झाली होती की नाही, हे बहुतेक वेळा नंतरही तपासता येतं.

टायर तापतो कशामुळे?

यवतमाळ जिल्ह्यातून जड वाहतुकीचा सगळ्यात मोठा रस्ता जातो तो राष्ट्रीय महामार्ग 44, म्हणजे नागपूर-हैदराबाद. वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असं करत तो तेलंगणात उतरतो. मे महिन्यातल्या दुपारी इथे हवेचं तापमान 43-44 अंशांवर असतं आणि डांबर किंवा सिमेंट त्याहून बरंच जास्त तापलेलं असतं. त्यामुळे रस्त्याच्या चटक्याने टायर तापतो, असं वाटणं साहजिक आहे. पण एक साधी गोष्ट आठवा. याच रस्त्याकडेला त्याच उन्हात दिवसभर उभा असलेला ट्रक बघा. त्याचे टायर काही फुटत नाहीत.

टायर तापतो तो मुख्यतः वाकण्यामुळे. लोखंडी तार एकाच जागी वीस वेळा वाकवली की ती जागा गरम लागते, हे आपण लहानपणी केलेलं असतं. टायरचंही तसंच होतं. ट्रकचं वजन टायरच्या ज्या भागावर येतं तो भाग चपटा होतो, चाक फिरलं की पुन्हा गोल होतो. दर फेरीला हे होतं. ट्रकचा टायर किलोमीटरमागे साधारण तीनशे फेऱ्या मारतो. रबराला वाकवायला जितकी ऊर्जा लागते तितकी ते सरळ होताना परत देत नाही. राहिलेली ऊर्जा उष्णता होऊन टायरच्या आतच राहते.

ही उष्णता किती? चांगल्या स्थितीतला, योग्य भार असलेला ट्रकचा एक टायर ताशी 60 किलोमीटरने चालत असेल तर त्यात ढोबळमानाने अडीच ते तीन किलोवॅट उष्णता तयार होते. घरातला छोटा इन्स्टंट गिझर तेवढाच असतो. म्हणजे दहाचाकी ट्रक रस्त्यावरून जातो तेव्हा दहा गिझर सुरू असतात आणि त्यांना थंड करणारं पाणी नसतं. फक्त वारा असतो.

हवा जितकी थंड, तितका टायर लवकर थंड होतो. मग मे महिन्याच्या उन्हाचं काम काय? डिसेंबरच्या सकाळी 20 अंशांच्या हवेत जो टायर 70 अंशांवर स्थिरावतो, तोच टायर त्याच भाराने मे महिन्यात 44 अंशांच्या हवेत 95 अंशांच्या आसपास जाऊ शकतो. निरोगी टायरसाठी हेही चालण्यासारखं असतं. पण जो टायर आधीच जास्त भाराने किंवा कमी हवेने शंभरीच्या पुढे गेलेला आहे, त्याच्या हातात उरलेली सवलत ऊन खाऊन टाकतं. साधारण सव्वाशे अंशांच्या आसपास पोहोचल्यावर रबर आणि त्यातल्या पोलादी तारांची पकड सुटू लागते. हे कारखान्यातल्या भट्टीच्या तापमानापासून फार दूर नाही; टायर मुळात दीडशे अंशांच्या आसपास शिजवूनच घट्ट केलेला असतो.

सिमेंटच्या रस्त्याबद्दल एक सांगून टाकू. समृद्धी सुरू झाल्यावर ‘सिमेंटवर टायर जास्त तापतात’ हे वाक्य इतकं फिरलं की ते शास्त्र वाटू लागलं. खरं तर सिमेंटचा रंग फिका असल्यामुळे भर दुपारी तो काळ्या डांबरापेक्षा थोडा कमीच तापतो. फरक पडतो तो दुसऱ्या कारणाने. जुन्या रस्त्यावर गाव येतं, गतिरोधक येतो, म्हशी आडव्या येतात, चहाला थांबणं होतं. समृद्धीवर तसं काही नाही. टायरला दोन-तीन तास एकाच वेगात श्वास घ्यायला मिळत नाही.

वणीच्या ट्रकचं गणित

आता एक उदाहरण घेऊ. ट्रक काल्पनिक आहे, आकडे मात्र नियमातले आणि टायरवर छापलेले आहेत.

समजा वणीहून एक दहाचाकी ट्रक कोळसा भरून मारेगाव, करंजीमार्गे महामार्गाला लागला आणि तेलंगणाच्या दिशेने निघाला. 2018 मध्ये केंद्र सरकारने अॅक्सलची मर्यादा वाढवली, तेव्हापासून अशा ट्रकचं मालासकट एकूण वजन 28.5 टनांपर्यंत चालतं. आधी ते 25 टन होतं. यातले 21 टन मागच्या दोन अॅक्सलवर येऊ शकतात. मागे टायर आठ. म्हणजे एका टायरवर 2,625 किलो.

आता टायरच्या बाजूवर काय लिहिलंय ते बघा. 10.00R20 या नेहमीच्या रेडियल टायरवर 146/143 असा आकडा असतो. ही भाराची सांकेतिक खूण आहे. 146 म्हणजे एकेरी चाकावर 3,000 किलो आणि 143 म्हणजे जोडीने लावलेल्या चाकांवर प्रत्येकी 2,725 किलो. तेही हवा पूर्ण, साधारण 120 पीएसआय असेल तर. म्हणजे कायद्याने भरलेला ट्रकसुद्धा टायरच्या मर्यादेपासून फक्त शंभर किलो लांब आहे. इथे गंमत अशी की 25 टनांच्या काळात हा फरक बराच मोठा होता. तेव्हा दोन-तीन टन जास्त टाकले तरी टायर निभावून न्यायचा. तीच सवय आज तशीच चालू ठेवली, तर ती सवलत आता शिल्लक नाही.

आपल्या ट्रकमध्ये सहा टन जास्त भरलेत असं धरू, त्यातले पाच टन मागे आले. 26 टन भागिले आठ, म्हणजे टायरमागे 3,250 किलो. मर्यादेपेक्षा सुमारे 19 टक्के जास्त. टायर जास्त चपटा होणार, जास्त वाकणार, आणि आपला गिझर तीनऐवजी चार किलोवॅटच्या पुढे जाणार.

अजून टायर फुटलेला नाही, आणि कदाचित फुटणारही नाही. खरा घात होतो तो आतल्या टायरमध्ये. मागची चाकं जोडीने असतात. बाहेरच्या टायरची हवा सगळे बघतात, कारण व्हॉल्व्ह समोर असतो. आतल्याच्या व्हॉल्व्हला पोहोचायचं म्हणजे हात घालावा लागतो, माती काढावी लागते. म्हणून तो आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. समजा त्यात 120 ऐवजी 90 पीएसआय उरली आहे. एवढ्या हवेत हा टायर जेमतेम सव्वादोन टन पेलू शकतो. आणि जोडीवर आहेत साडेसहा टन. आतला टायर बसतो, त्यामुळे त्याच्या वाट्याचा काही भार बाहेरच्यावर जातो. बाहेरचा साडेतीन टनांच्या पुढे जाऊ शकतो. म्हणजे हवा आतल्याची कमी, आणि मर्यादेच्या बाहेर दोघेही. असा ट्रक रस्त्यात थांबला की फुटलेला बहुतेक वेळा बाहेरचा टायर दिसतो. तो नवा असेल तर मालक कंपनीला शिव्या घालतो. आतल्याची हवा मोजायचं कुणाला सुचत नाही.

बरेच ड्रायव्हर आणि क्लीनर टायर लोखंडी सळईने किंवा दांड्याने ठोकून बघतात. आवाजावरून पूर्ण बसलेला टायर नक्की कळतो. पण 120 आणि 90 मधला फरक रेडियल टायरमध्ये आवाजाने कळत नाही. त्याला गेजच लागतो.

आता सगळ्यात फसवणारी गोष्ट. वणी परिसरात कोळशाची बरीच वाहतूक खाणीपासून रेल्वे सायडिंगपर्यंत किंवा जवळच्या कारखान्यापर्यंत अशी छोट्या फेऱ्यांची असते. ट्रकच्या जाड टायरला त्याच्या कमाल तापमानाला पोहोचायला तासभर किंवा त्याहून जास्त सलग चालावं लागतं. छोट्या फेरीत अर्ध्या तासात ट्रक काट्यावर उभा राहतो, रांगेत थांबतो, रिकामा होऊन परत येतो. टायर तापायच्या आधीच निवतो. त्यामुळे वर्षभर जास्त माल वाहूनही काही होत नाही आणि ‘आपली गाडी ओढते, टायर मजबूत आहेत’ असा विश्वास बसतो. हाच ट्रक, हाच भार घेऊन एक दिवस हैदराबादला निघाला की दीडदोन तासांनी तो अशा तापमानाला पोहोचतो जिथे तो आयुष्यात कधी गेलेला नसतो. खाणींतल्या मोठ्या डंपरसाठी टायर कंपन्या भार आणि सरासरी वेग यांचा गुणाकार करून मर्यादा ठरवून देतात, ती याच कारणासाठी. रस्त्यावरच्या ट्रकसाठी हा हिशोब कुणी करत नाही.

जास्त माल भरण्याबद्दल केंद्राच्या 2019 च्या दुरुस्त मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये आणि जास्तीचा माल उतरवणं, अशी तरतूद आहे. आपल्या उदाहरणातल्या सहा टनांना 32,000 होतात. फेऱ्यांची संख्या आणि पकडलं जाण्याची शक्यता यांचा हिशोब मालक लोक आपापल्या परीने करतातच. त्या हिशोबात टायरचं घटलेलं आयुष्य मात्र क्वचित धरलेलं असतं.

‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’

हा सल्ला तुम्ही ऐकला असेल, कदाचित दिलाही असेल. तर्क असा की गरम झाल्यावर हवा फुगते, मग आधीच थोडी कमी ठेवली तर फुटणार नाही. तर्क बरोबर वाटतो, परिणाम उलटा होतो.

सकाळी 30 अंशांना 120 पीएसआय हवा भरली आणि टायरमधली हवा 70 अंशांपर्यंत तापली, तर दाब 138 च्या आसपास जातो. म्हणजे 18 पीएसआय वाढ. टायर बनवताना ही वाढ धरलेलीच असते. ट्रकचा निरोगी टायर फोडायला याच्या कितीतरी पट दाब लागतो. उलट हवा कमी ठेवली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो, आणि आतून कमकुवत होतो. फुग्याचं उदाहरण डोक्यात बसलेलं असतं म्हणून हा गैरसमज जात नाही. टायर फुग्यासारखा ताणून फुटत नाही, तो तारेसारखा थकून तुटतो.

याच चुकीचं दुसरं रूप ढाब्यावर दिसतं. गाडी थांबली, गेज लावला, 138 दाखवलं, आणि ‘जास्त झाली’ म्हणून हवा सोडली. टायर थंड झाल्यावर त्यात शंभरच्या आसपास उरते आणि पुढचा प्रवास कमी हवेवर सुरू होतो. गरम टायरची हवा सोडायची नाही. हवा मोजायची ती गाडी किमान तीन-चार तास उभी राहिल्यावर, शक्यतो सकाळी. भर दुपारी 42 अंशांना बरोबर 120 भरलेली हवा पहाटे 27 अंशांना 113-114 भरते, हे रात्रीच्या गाड्यांनी विशेष लक्षात ठेवावं.

आणि नायट्रोजन? आपण श्वास घेतो त्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजनमध्ये ओलावा नसतो आणि तो थोडा हळू गळतो, हा फायदा आहे. पण तापल्यावर तो जवळपास हवेइतकाच फुगतो आणि वाकणाऱ्या रबराला तो थंड करत नाही. 90 पीएसआय नायट्रोजनपेक्षा 120 पीएसआय साधी हवा कधीही बरी.

मग रिमोल्ड टायरचं काय?

रस्त्यावर काळे, लांब, मगरीच्या कातड्यासारखे रबराचे पट्टे पडलेले दिसतात. ते बघून बहुतेक जण म्हणतात, रिमोल्ड टायरचा पट्टा निघाला. अमेरिकेत 2008 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी महामार्गांवरून असे तुकडे आणि फुटलेले टायर गोळा करून एकेक तपासले. त्यांच्या अभ्यासात नवे आणि रिमोल्ड असे दोन्ही टायर सापडले, आणि रिमोल्ड करण्यातला दोष हे मुख्य कारण नव्हतं. रस्त्यावरची इजा आणि जास्त तापणं ही कारणं मोठी होती.

हा फरक तुम्ही स्वतःही बघू शकता. असा पट्टा सुरक्षित जागी पडलेला सापडला, तर त्याची खालची बाजू उलटी करून बघा. खाली घासल्यासारखं खरखरीत रबरच असेल आणि तारा दिसत नसतील, तर वर चिकटवलेला नवा थर सुटला आहे. तिथे रिमोल्ड करणाऱ्याचं काम कच्चं होतं, असं म्हणायला जागा आहे. पण पट्ट्यातून पोलादी तारा बाहेर आल्या असतील, तर टायर मूळ अंगातच फाटला आहे. नवा थर तर शेवटपर्यंत चिकटलेलाच होता! अशा वेळी दोष भाराचा, हवेचा किंवा जुन्या इजेचा असतो.

रिमोल्ड करणं म्हणजे जुना टायर रंगवणं नव्हे. टायरचं खरं अंग म्हणजे केसिंग, ज्यात तारा असतात. वरचा नक्षीचा थर झिजला तरी केसिंग शाबूत असू शकतं. सध्या जास्त चालते ती कोल्ड पद्धत. तिच्यात आधी टायर आतून-बाहेरून तपासतात, मग उरलेली नक्षी यंत्रावर घासून काढतात, जखमा कोरून भरतात, चिकट गम लावतात आणि कारखान्यात आधीच तयार झालेला नक्षीचा पट्टा वर चढवतात. त्यावर रबरी आवरण घालून टायर चेंबरमध्ये ठेवतात. तिथे शंभर अंशांच्या थोडं वर, काही तास दाबाखाली तो शिजतो. खर्च नव्या टायरच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शात बसतो. विमानांचे टायर तर नियमितपणे असे पुन्हा चढवले जातात. एसटी महामंडळाचेही स्वतःचे प्रकल्प आहेत.

सगळं अवलंबून असतं पहिल्या पायरीवर, म्हणजे केसिंगच्या तपासणीवर. जो टायर कधीतरी पंक्चर अवस्थेत दहा किलोमीटर ओढला गेला, त्याच्या बाजूच्या तारा आतून मोडायला आलेल्या असतात. बाहेरून तो छान दिसतो. आत हात फिरवला तर अस्तर सुरकुतलेलं, काळवंडलेलं किंवा निळसर झालेलं लागतं, कधी रबराचा भुगा सापडतो. असं केसिंग चांगला कारखाना नाकारतो. घाईत असलेला कारखाना त्यावर नवा पट्टा चढवतो, आणि गिऱ्हाइकाला नव्यासारखा दिसणारा टायर मिळतो. वणीच्या आपल्या ट्रकवर वर्षभर 19 टक्के जास्त भार वाहिलेलं केसिंगही याच वर्गात मोडतं. एखाद्या बाजारात रिमोल्ड टायर फार फुटत असतील तर तिथे गमपेक्षा आधी भाराची चौकशी करावी, असं माझं मत आहे.

चांगलं रिमोल्ड केलेला टायरही कुठे लावायचा याला मर्यादा आहे. मागच्या जोडीतला एक गेला तर दुसरा गाडी उभी राहीपर्यंत सांभाळतो. पुढचा गेला तर स्टिअरिंग एका बाजूला खेचलं जातं आणि सांभाळायला दुसरा नसतो. म्हणून पुढे नवे टायर, ते थोडे झिजले की मागे, आणि रिमोल्ड मागेच, ही चांगल्या ताफ्यांची रीत आहे. अमेरिकेत बसच्या पुढच्या चाकांवर रिमोल्ड टायर लावायला थेट बंदी आहे. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत जड गाड्यांच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी, असं सांगितलेलं आहे. 2023 मध्ये समृद्धीवर टायर तपासणी सुरू झाली तेव्हा गुळगुळीत टायरांच्या गाड्या परत पाठवल्या गेल्या, त्या याच निकषावर. गोटा झालेला टायर डोळ्यांना दिसतो, म्हणून तो पकडणं सोपं. पण तापण्याचा विचार केला तर गंमत वाटेल: पातळ नक्षीचा टायर उलट कमी तापतो, कारण वाकायला रबर कमी असतं. पावसात घसरायला आणि खिळा-दगड आत शिरायला मात्र तो पहिला. म्हणजे गुळगुळीत टायर परत पाठवून पावसाळ्यातले अपघात कमी होतील. मे महिन्यातले टायर कमी फुटायचे असतील तर त्याच नाक्यावर वजनकाटा आणि गेज लागेल.

पंक्चरवाल्याचा धोका

या सगळ्यात एक माणूस कुठल्याही बातमीत येत नाही. कमी हवेवर धावलेला टायर महामार्गावर फुटतोच असं नाही. बऱ्याचदा तो ढाब्याशेजारच्या टपरीवर फुटतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘हवा कमी आहे, भर.’ पंक्चरवाला मुलगा टायरशेजारी उकिडवा बसून हवा भरू लागतो. बाजूच्या तारा आधीच थकलेल्या असतात. दाब वाढताना एक तार तुटते, मग शेजारची, आणि पँटची चेन उघडावी तशी टायरची बाजू एका रेषेत फाटते. शंभर पीएसआयची हवा एकदम त्याच्या तोंडावर येते. यात जीव जातात.

याबद्दलचा जगभरचा नियम साधा आहे. ठरलेल्या दाबाच्या 80 टक्क्यांपेक्षा कमी हवेवर टायर चालला असेल, तर तो पंक्चर समजायचा. 120 चा टायर 96 च्या खाली गेला की गाडीवर असतानाच त्यात हवा भरत बसायचं नाही. उतरवायचा, रिममधून काढायचा, आतून बघायचा, आणि मग लोखंडी पिंजऱ्यात ठेवून लांब नळीने, बाजूला उभं राहून हवा भरायची. भरताना चरचर किंवा टकटक आवाज आला, बाजूला फुगवटा दिसला, तर जवळ जायचं नाही. लांबूनच हवा सोडायची.

ड्रायव्हरसाठी ढाब्यावरची पाच मिनिटांची तपासणी अशी: गाडी थांबल्या थांबल्या सगळ्या टायरजवळून तळहाताची मागची बाजू न टेकवता फिरवत जा. सगळे गरम लागणारच. शोधायचा तो शेजाऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त तापलेला टायर. टायर तापलाय पण रिम तेवढी नाही, तर हवा किंवा भार बघा. रिम आणि हबच भाजत असेल तर ब्रेक चिकटलाय किंवा बेअरिंग गेलंय. जोडीतले दोन टायर एकमेकांना घासत असतील तर तेही इथेच दिसतं. थर्मामीटर गन मिळते, ती घेतली तर अंदाजावर राहायला नको. कुठल्याही टायरमधून धूर किंवा जळका वास येत असेल तर गाडी पंपावर किंवा गर्दीत उभी करू नका. वारा थांबल्यावर तो पेट घेऊ शकतो.

चालत्या गाडीचा पुढचा टायर गेलाच, तर पाय आपोआप ब्रेकवर जातो. तिथेच गाडी उलटते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून गाडी सरळ ठेवायची, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडायचा, वेग आपोआप पुरेसा उतरला की मग हलका ब्रेक मारून कडेला घ्यायची.

पुन्हा पिंपळखुट्याकडे

आता त्या अहवालातली छोटी ओळ वेगळी दिसेल. पुढचा टायर धावत्या बसखाली खरंच फुटला असता, तर धडकेच्या जागेच्या आधी, येण्याच्या दिशेला, रबराचे तुकडे विखुरलेले मिळाले असते. टायर गेल्यावर रिम सिमेंटवर घासते, तिचे ओरखडे मिळाले असते. फक्त जळालेल्या गाडीत फाटलेले टायर मिळणं हा पुरावा होत नाही, कारण आगीत सगळेच टायर फुटतात. शिवाय तो अपघात रात्री दीडच्या सुमाराचा, पावसाळ्यातला. ऊन नव्हतं, तापलेला रस्ता नव्हता. तरी पहिलं कारण टायरच सांगितलं गेलं आणि आपल्याला ते पटलंही.

पुढच्या वेळी अशी बातमी आली, तर चार गोष्टी विचारता येतात. फुटलेला टायर पुढचा होता की मागचा? तुकडे धडकेच्या आधी पडले होते की नंतर? त्यात तारा दिसत होत्या का? आणि उरलेल्या टायरांची हवा आणि गाडीतल्या मालाचं वजन कुणी मोजलं का? ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये हा शेवटचा प्रश्न खास महत्त्वाचा, कारण डिकीत आणि टपावर जाणारं पार्सल तिकिटांच्या यादीत नसतं, पण टायरवर असतं. उरलेल्या टायरांची हवा मात्र गाडी क्रेनने उचलण्याआधीच मोजावी लागते.